कोऱ्या चेकवरची सही आणि न लिहिलेली रक्कम

चेक बाउन्सच्या खटल्यांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं की उधारीच्या वसुलीसाठी माणसाला तुरुंगाची भीती दाखवणं हीच मुळात सावकारी आहे, तेव्हा चेक न वटणं गुन्हा ठरवणाऱ्या, पराक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ मधला फौजदारी भागच काढून टाका. दुसरा तट म्हणतो, सही करताना हात थरथरला नाही ना, मग आता रडगाणं कशाला? दोघेही ज्या गोष्टीवर भांडतात ती अडचणीची जागा नाही. अडचण ना शिक्षेत आहे ना सहीत. ती आहे सहीच्या वर सोडलेल्या मोकळ्या जागांमध्ये, आणि त्या जागा कशासाठी, किती रकमेपुरत्या सोडल्या हे कुठेच लिहून न ठेवण्यामध्ये. कर्जासाठी पुढच्या तारखेचा, पूर्ण भरलेला चेक देण्यात गैर काही नाही. कोरा चेक देणं टाळावं, आणि टाळता येतच नसेल तर त्याची पावती घेतल्याशिवाय तो हातातून सोडू नये. कायद्यानेही धंदा म्हणून कर्ज देणाऱ्याकडे ती पावती मागितली पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे.

आधी विरुद्ध बाजूचं खरं तेवढं मान्य करू. ज्याच्या नावावर घर नाही, सोनं नाही, सातबारा नाही, त्याला कुणी पैसे द्यायचे तर कशाच्या जोरावर? दिवाणी दावा लावून दोन-तीन लाख वसूल करायचे म्हटलं तर वर्षं जातात, आणि हुकूमनामा मिळाला तरी तो अंमलात आणायच्या दरखास्तीचा वेगळा फेरा सुरू होतो. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झालं ते या दुखण्यावर उपाय म्हणून. चेक न वटणं हा गुन्हा ठरला म्हणूनच गॅरेजवाल्याला, भाजीच्या आडत्याला, छोट्या ठेकेदाराला तारणाशिवाय पैसे मिळू लागले. ते कलम उद्या काढलं तर मोठ्या कर्जदाराचं काही बिघडणार नाही, लहान माणसाची उधारी मात्र बंद होईल.

दुसरी गोष्टही मान्य करायला हवी. ‘मी कोरा चेक दिला होता, त्याने वाटेल ती रक्कम टाकली’ हा बचाव न्यायालयांनी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यावर कुणाचा सहज विश्वास बसत नाही, आणि बऱ्याचदा तो खोटाही असतो. मूळ गोव्यातल्या एका खटल्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तिथे आरोपीचं म्हणणं होतं की मित्राला बँकेचं कर्ज मिळावं म्हणून आपण त्याला सही केलेला कोरा चेक दिला. न्यायालयाला ते पटण्यासारखं वाटलं नाही. नोटिशीला त्याने उत्तरही दिलं नव्हतं, तेही त्याच्याविरुद्ध गेलं. त्याच निकालात असंही स्पष्ट झालं की आयकर कायद्याच्या मर्यादेबाहेर, म्हणजे वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख दिली, एवढ्यावरून कर्ज अवैध ठरत नाही. ‘रोखीचा व्यवहार होता, टिकणारच नाही’ असा सल्ला अजूनही कट्ट्यावर मिळतो, तो ऐकू नये.

कट्ट्यावरचे आणखी दोन समज त्याच जातीचे आहेत. एक म्हणजे ‘सिक्युरिटी म्हणून दिलेल्या चेकवर केस होत नाही’. होते. कर्ज हातात पडलेलं असेल आणि ठरल्या मुदतीत फिटलं नसेल, तर सिक्युरिटीचा चेकही वटवायला टाकता येतो आणि न वटल्यास गुन्हा लागतो, हे २०१६ आणि २०२१ च्या निकालांनी पक्कं केलं. दुसरा समज म्हणजे ‘अक्षर माझं नाही, फक्त सही माझी आहे’. त्यानेही सुटका होत नाही. सही करून स्वखुशीने दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी कायद्याचं गृहीतक लागू होतं, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. २०२२ मध्ये तर हस्ताक्षरतज्ज्ञाच्या अहवालाने या बाबतीत फरक पडत नाही हेही ठरलं. तरीसुद्धा आरोपी हस्ताक्षरतज्ज्ञाची मागणी करत वर्षं घालवतात, आणि जे सिद्ध केल्याने काहीच साधत नाही ते सिद्ध करण्यात वकिलाची फी जाते.

हे गृहीतक काय आहे ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळा खेळ त्यावर चालतो. सही कबूल केली की कलम ११८ आणि १३९ प्रमाणे न्यायालय असं धरून चालतं की चेक मोबदल्यापोटी दिला होता, त्यावरची तारीख खरी आहे आणि तेवढं देणं होतं. यानंतर उलट सिद्ध करण्याचं ओझं सही करणाऱ्यावर येतं. ते फौजदारी खटल्यातल्या फिर्यादीइतकं जड नाही. आपली बाजू जास्त संभवनीय वाटेल इतपत दाखवलं तरी पुरतं. पण काहीतरी दाखवावं तर लागतंच. नुसतं तोंडी ‘नाही’ म्हणून भागत नाही.

आता त्या मोकळ्या जागांकडे वळू. कोऱ्या चेकवर मुख्य तीन जागा असतात: नाव, रक्कम आणि तारीख. आपण फक्त कागद देतो असं देणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक जागेबरोबर एकेक हक्क दुसऱ्याच्या हाती जातो.

नाव मोकळं ठेवलं की फिर्यादी कोण असेल हे सावकार ठरवतो. तो मेहुण्याचं, पुतण्याचं, दुकानातल्या नोकराचं नाव टाकतो. विनापरवाना सावकारी करणारा माणूस एकाच न्यायालयात एकाच नावाने दहा खटले कशाला लावेल? दहा नावांनी दहा ‘हातउसने’ दिसले की धंदा दिसत नाही. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक खात्यात भरला असेल तर खटला चालतो तो ज्याच्या नावे चेक आहे त्याच्या बँक शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयात. नाव कोरं सोडणारा उदगीरचा माणूस पनवेलच्या तारखा करत बसतो, कारण सावकाराचा मेहुणा पनवेलला राहतो. तारखेला गेलं तर दोन दिवसांचा धंदा बुडतो, नाही गेलं तर वॉरंट निघतं. अशा तारखांनी टेकीला आलेला माणूस तडजोडीला तयार होतो, आणि सावकाराला हवी असते ती तडजोडच.

रक्कम मोकळी ठेवण्याचा धोका सगळ्यांना कळतो, पण तो किती लवकर अंगावर येतो हे कळत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे शेवटचं झालं. सप्टेंबर २०१८ पासून कलम १४३अ प्रमाणे आरोपीने गुन्हा नाकबूल करताच न्यायालय चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावू शकतं, तीही साठ दिवसांत. तसा हुकूम व्हायलाच हवा असं नाही, न्यायालयाने कारणं पाहून ठरवायचं असतं, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पण दीड लाखाच्या देण्यावर साडेसात लाखांचा चेक भरलेला असेल तर वीस टक्के म्हणजेच दीड लाख होतात. वादात असलेलं मूळ देणं एकही साक्ष होण्याआधी वसूल! फुगवलेली रक्कम शेवटी पूर्ण मिळेल असं तिला फुगवणाऱ्यालाही वाटत नसतं. त्याला सौद्याची बोली वरून सुरू करायची असते.

तारीख मोकळी म्हणजे घड्याळ सावकाराच्या हाती. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेने ती निम्मी केली. तारीखच नसेल तर हे तीन महिने कधीच सुरू होत नाहीत. साध्या उसनवारीच्या वसुलीची मुदत साधारणपणे तीन वर्षं. २०१९ ला दिलेला, २०२१ ला फिटलेला व्यवहार २०२५ च्या तारखेने जिवंत करता येतो तो या एका रिकाम्या चौकटीमुळे.

मग कायदा कोरा चेक देणाऱ्याला वाऱ्यावर सोडतो का? तसं नाही, आणि इथेच चर्चा सगळ्यात जास्त भरकटते. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमातलं कलम २० सगळे अर्धंच सांगतात. सही करून अपुरा दस्त देणारा तो पूर्ण करण्याचा अधिकार देतो, एवढा पहिला अर्धा भाग सावकाराच्या वकिलाला तोंडपाठ असतो. त्याच कलमाच्या शेवटी परंतुक आहे. ज्याने मोबदला देऊन, मूळ भानगड माहीत नसताना, रीतसर चेक घेतला असा तिऱ्हाईत धारक सोडला, तर बाकी कुणालाही देणाऱ्याच्या मनात जेवढी रक्कम द्यायची होती त्याहून जास्त वसूल करता येत नाही. म्हणजे तीन लाखांपुरता दिलेला कोरा चेक पाच लाखांना भरला तर वरचे दोन लाख घेण्याचा हक्क सावकाराला नाही. कायद्यात हे १८८१ पासून लिहिलेलं आहे. प्रश्न उरतो तो एकच: मनात किती रक्कम होती हे न्यायालयाला कळणार कसं? ते कुठे लिहून ठेवलं होतं का?

याच्या जोडीला ऑक्टोबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठेवून वाचावा. चेक दिल्यानंतर आणि वटवायला टाकण्याआधी काही रक्कम फेडली गेली असेल, तर धनकोने कलम ५६ प्रमाणे चेकवर तशी नोंद करून उरलेल्या रकमेपुरताच तो वापरायचा. तसं न करता पूर्ण रकमेला टाकला आणि तो परत आला, तर १३८ चा गुन्हाच होत नाही, कारण त्या दिवशी तेवढं देणंच नव्हतं. कर्जदाराच्या हातात याहून धारदार हत्यार दुसरं नाही. पण तेही परतफेडीच्या पुराव्यावरच चालतं.

एक व्यवहार आकड्यांसह मांडून पाहू. समजा, एका गॅरेजवाल्याने जानेवारी २०२२ मध्ये ओळखीच्या व्यापाऱ्याकडून तीन लाख घेतले. पैसे बँकेतून आले. व्याज तोंडी ठरलं, दरमहा शेकडा दोन, म्हणजे सहा हजार. व्यापाऱ्याने दोन कोरे चेक सही करून घेतले, क्रमांक ०००४६१ आणि ०००४६२. गॅरेजवाल्याने वीस महिने सहा हजार रोख दिले, एकूण एक लाख वीस हजार. सप्टेंबर २०२३ ला दोन लाख बँकेतून परत केले. मुद्दलातले एक लाख राहिले. पुढे धंदा बसला, हप्ता तुटला, बोलाचाली झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ०००४६१ क्रमांकाचा चेक पाच लाखांना भरून बँकेत पडला, ‘अपुरी शिल्लक’ म्हणून परत आला, आणि वकिलाची नोटीस निघाली.

न्यायालयात व्यापारी म्हणतो, जुना हिशेब कधीच मिटला, ही २०२४ च्या दिवाळीत रोखीने दिलेली नवी उसनवारी आहे. गॅरेजवाल्याची सही कबूल आहे, तेव्हा ओझं त्याच्यावर आलं. रोख दिलेल्या एक लाख वीस हजारांची पावती नाही, ते पैसे पुराव्याच्या दृष्टीने गेलेच. उरतं काय? बँकेचा उतारा, ज्यात तीन लाख आले आणि दोन लाख गेले हे दिसतं. चेकबुक कधी दिलं याचा बँकेचा दाखला, कारण ०००४६० आणि ०००४६३ हे मागचे-पुढचे चेक २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीतच वटलेले आहेत. मधला एकच चेक तीन वर्षांनी कसा दिला गेला, हा प्रश्न उलटतपासात विचारता येतो. शिवाय पाच लाख रोख देण्याची व्यापाऱ्याची ऐपत होती का, ते पैसे आले कुठून, त्याच्या आयकर विवरणात किंवा वह्यांत त्यांचा मागमूस आहे का, हे विचारण्याचा हक्क २०१९ च्या दुसऱ्या एका निकालाने मान्य केलेला आहे. या सगळ्यातून गॅरेजवाला कदाचित सुटेल. पण दोन-चार वर्षांनी, आणि तारखांचा, वकिलाचा खर्च करून. उलट व्यापाऱ्याने प्रामाणिकपणे चेकमध्ये एक लाख भरले असते, तर गॅरेजवाल्याकडे उत्तर नव्हतं, आणि नसायलाच हवं होतं.

आता याच व्यवहारात जानेवारी २०२२ ला एक साधा कागद झाला असता तर? ‘आज रोजी तीन लाख रुपये कर्जापोटी अमुक बँकेचे ०००४६१ व ०००४६२ क्रमांकाचे दोन चेक तारण म्हणून दिले. दोन्ही मिळून येणे बाकी मुद्दल व व्याज यांपेक्षा जास्त रकमेला वापरायचे नाहीत. हप्ता थकल्यावर सात दिवसांची लेखी सूचना देऊनच वटवायला टाकायचे. कर्ज फिटताच परत करायचे.’ खाली दोघांच्या सह्या. कलम २० च्या परंतुकाला जो पुरावा लागतो तो या मजकुरात आहे, आणि ०००४६१ चा चेक २०२४ च्या दिवाळीशी जोडायला जागाच उरत नाही.

हे सुचवलं की नेहमीचं उत्तर येतं: अडलेला माणूस अटी घालू शकत नाही, पावती मागितली की सावकार पैसे देणार नाही. आक्षेप खरा आहे, आणि जुनाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि दंगा पुणे-नगरच्या गावोगाव पसरला. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जो रोखा आपल्याला वाचता येत नाही, ज्यात किती लिहिलं ते ठाऊक नाही आणि ज्यावर आपली निशाणी आहे, तो नष्ट करणं एवढंच त्यांच्या हाती होतं. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने कर्ज देण्याला बंदी केली नाही. शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, दिलेल्या पैशाची पावती मिळावी, मागितल्यास हिशेबाचा उतारा मिळावा, आणि न्यायालयाने रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा सुरुवातीपासूनचा इतिहास तपासावा, अशी त्याची रचना होती. तेव्हाही हाच आक्षेप होता की पत आटेल. काही अंशी तो खरा ठरला. सावकारांनी कर्जरोख्याऐवजी खरेदीखतं लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि पळवाट बंद करायला पुन्हा कायदा लागला. तरीही, कर्जदार अडलेला असतो म्हणून पावतीची सक्ती सावकारावर टाकायची, हे त्या कायद्याचं तर्कशास्त्र बरोबर होतं. अडलेल्याला ‘तू माग’ म्हणणं निरर्थक आहे हे १८७९ ला कळलं होतं. मग आज कलम १३९ फक्त आकड्याकडे बघून गृहीतक का उभं करतं?

चेकच्या बाबतीत तर कायद्याचा कल उलटाच राहिला. मुंबई सावकारी अधिनियम, १९४६ मध्ये तीन हजारांवरची, वचनचिठ्ठी सोडून इतर पराक्राम्य दस्ताच्या, म्हणजे चेकच्याही, आधारावर दिलेली रक्कम ‘कर्ज’ या व्याख्येतूनच वगळलेली होती. व्यापाऱ्यांची हुंडी-चेकची देवघेव सावकारी कायद्यात अडकू नये हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. परिणाम असा झाला की चेक घेऊन पैसे दिले की सावकारी कायद्याची पकड सैल होते, हे धंद्यातल्या सगळ्यांना कळलं. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने परवान्याशिवाय सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली, परवानाधारकाला पावती आणि हिशेब देणं बंधनकारक केलं. तक्रार जिल्हा उपनिबंधक किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. पण तिथेही चेकधारक सांगतो, माझा सावकारीचा धंदाच नाही, एकदाच ओळखीत मदत केली. अशा वेळी इतर कर्जदारांचे चेक त्याच्याकडे आहेत हे दाखवता आलं तरच तक्रारीत जीव येतो.

पतसंस्थांचं उदाहरण मला याहून जास्त खटकतं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवण्याची सोय त्यांना आहे. दिवाणी दाव्याचा फेरा त्यांना करावा लागत नाही. तरी कर्जदाराकडून दोन आणि प्रत्येक जामीनदाराकडून एकेक कोरा चेक घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी सर्रास आहे. जामीनदाराने सही करताना मूळ कर्ज किती हेही नीट वाचलेलं नसतं. जामीनदाराच्या चेकवरही १३८ लागतं, हे २००२ पासून ठरलेलं आहे. कलम १०१ हाती असताना हा चेक कशासाठी लागतो? वसुलीपेक्षा धाकासाठी, हे संचालकही खासगीत नाकारत नाहीत.

तर चेक देणाऱ्याने काय धरून बसावं? शक्य तिथे कोरा चेक देऊच नये. हप्त्यांचे चेक द्यायचे तर नाव, अंकी-अक्षरी रक्कम, तारीख सगळं भरून, ‘अकाउंट पेयी’ रेघा मारून द्यावेत. चेकऐवजी त्याची प्रतिमा पाठवून वटवण्याच्या सीटीएस पद्धतीत तारखेची वैधता वाढवणं सोडून चेकवर खाडाखोड चालत नाही, त्यामुळे भरलेल्या चेकमध्ये नंतर बदल करणं अवघड जातं. सिक्युरिटीचा चेक तारखेशिवाय मागितला आणि तोडच नसेल, तर निदान नाव आणि रेघा सोडू नयेत. त्याने तिऱ्हाईत धारकाचा आणि लांबच्या न्यायालयाचा रस्ता बंद होतो. रकमेवर घासाघीस करता येते. तीन लाखांच्या कर्जाला तीन-तीन लाखांचे तीन चेक मागितले तर नऊ लाखांच्या गुन्ह्याची तयारी झाली हे ओळखून एकच चेक द्यावा, किंवा बेरीज कर्जाइतकीच ठेवावी. दिलेल्या प्रत्येक चेकचा फोटो काढावा. समोरचा पावतीवर सही करत नसेल तर त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने ‘आज या क्रमांकाचे चेक या कर्जापोटी दिले’ असा फोटोसह संदेश पाठवून ठेवावा. त्याने उत्तर दिलं नाही तरी तारखेचा माग राहतो, आणि फोटोत कोणत्या जागा मोकळ्या होत्या ते दिसतं. व्याजासह प्रत्येक रुपया बँकेतून किंवा यूपीआयने, शेऱ्यात ‘कर्ज परतफेड’ लिहून द्यावा. रोखच हवी म्हणणाऱ्याकडून वहीत सही घ्यावी.

कर्ज फिटल्यावरचा आठवडा सगळ्यात निष्काळजीपणात जातो. बेबाकी दाखल्यावर परत केलेल्या चेकचे क्रमांक लिहून घ्यावेत. ‘सापडत नाहीत, फाडून टाकतो’ असं उत्तर आलं तर तेच लेखी मागावं. देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवावं, आणि त्या क्रमांकांवर बँकेत स्टॉप पेमेंट द्यावं, कारण म्हणून ‘कर्ज फिटले, चेक परत मिळालेला नाही’ असं स्पष्ट लिहून. नुसतं स्टॉप पेमेंट किंवा खातं बंद करणं ही ढाल नाही. त्या कारणाने परत आलेल्या चेकवरही १३८ लागू शकतं. ढाल होते ती आधीच्या तारखेच्या पत्राने. चेक बाउन्स झाल्यानंतर ‘हरवला होता’ म्हणून पोलिसात दिलेल्या अर्जाला कुणी किंमत देत नाही. तोच अर्ज सहा महिने आधीचा असेल तर खटल्याचा रंग बदलतो. चेकचं क्लिअरिंग आता, ऑक्टोबर २०२५ पासून, त्याच दिवशी होतं. टाकला हे कळल्यावर धावपळ करायला वेळ मिळेल ही आशा ठेवू नये.

आणि नोटीस आलीच तर पाकीट परत पाठवू नये. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस घेतली नाही तरी पोचली असंच धरलं जातं. मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर गेलं पाहिजे, तारखा, क्रमांक आणि भरलेल्या रकमांसह. खरोखर काही बाकी असेल तर ती रक्कम त्याच पंधरा दिवसांत बँकेतून पाठवून उत्तरात तसं नमूद करावं. गॅरेजवाल्याने एक लाख पाठवून पाच लाख नाकारले असते, तर न्यायाधीशासमोर पहिल्याच तारखेला त्याची बाजू उभी राहिली असती.

कायद्यातल्या बदलाची मागणी यातूनच निघते, आणि ती फार मोठी नाही. वर्षाला एकापेक्षा जास्त लोकांना व्याजाने पैसे देणाऱ्याने, मग ती वित्तकंपनी असो, पतसंस्था असो वा व्यक्ती, चेक घेताना त्याचा क्रमांक, कमाल रक्कम आणि वापराची अट लिहिलेली पावती दिली असेल तरच कलम १३९ चं गृहीतक त्याला मिळावं. पावती नसेल तरी खटला चालेल, पण देणं किती हे त्याने पुराव्याने सिद्ध करावं. प्रामाणिक धनकोचं यात काय जातं? कर्जाची फाईल तो ठेवतोच, तिच्यात एक कागद वाढेल. उलट ‘कोरा होता’ हा खोटा बचाव घेणाऱ्या कर्जदाराचं तोंड त्याच पावतीने बंद होईल. देशात ३१ डिसेंबर २०१९ ला पस्तीस लाखांवर चेकचे खटले तुंबलेले होते. त्यांतल्या ज्या खटल्यांत भांडण फक्त ‘किती’ या एका आकड्याचं आहे, ते पावती पाहून पहिल्या-दुसऱ्या तारखेला मिटू शकतात.

दुसरी मागणी रिझर्व्ह बँकेकडे आहे. कर्ज फिटल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत केली नाहीत तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा आदेश तिने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. सही केलेल्या चेकचा त्यात समावेश नाही. ज्या भागात हप्ते थेट खात्यातून कापण्याची सोय आहे तिथे नवे पुढच्या तारखांचे चेक घेऊ नयेत, असं तिने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं. त्यामुळे बँकांत आता चेकऐवजी ई-मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापण्याची ऑनलाइन परवानगी, भरून घेतात. त्या मँडेटमध्येही ‘कमाल रक्कम’ आणि ‘अंतिम तारीख’ अशा दोन चौकटी असतात. आठ हजारांच्या हप्त्याला कमाल रक्कम पन्नास हजार आणि कर्जाच्या मुदतीनंतर कित्येक वर्षांची अंतिम तारीख टाकलेली दिसली, तर मोबाइलवर ओटीपी देण्याआधी तिथेच थांबून ती बदलून घ्यावी. मँडेटचा हप्ताही न वटल्यास २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ लागतं, आणि शिक्षा तीच आहे.